संध्याकाळच्या अडीच तासांचं भाडं

डिसेंबर उजाडला की महाराष्ट्रात प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. पुण्यात कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भीमथडी जत्रा भरते, मुंबईत महालक्ष्मी सरसमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांतले बचत गट येतात आणि ठाणे, डोंबिवली, नाशिक, कोल्हापुरात ग्राहकपेठा आणि महोत्सव चालू असतात. साड्या, मसाले, मातीची भांडी बघून झाली की गर्दीची पावलं एकाच दिशेला वळतात. भरीत-भाकरी, मांडे, तांबडा-पांढरा, थालीपीठ, मोदक असं सगळं तिथे असतं. त्या टेबलांच्या मागे उभी असलेली माणसं बहुतेक वेळा हॉटेलवाली नसतात. कुणी घरून डबे देणारी असते, कुणी दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते, कुणी नोकरी सांभाळून वर्षातून दोनदा स्टॉल लावतं. पदार्थ चांगला असतो, रांगही लागते, आणि तरी चौथ्या रात्री हिशेब केल्यावर हातात फारसं काही उरत नाही.

असं का होतं, याची कारणं सहसा सुटी सुटी सांगितली जातात. भाडं फार होतं, मेन्यू चुकला, माणसं कमी पडली, सुटे पैसे नव्हते. माझ्या मते ही चार कारणं नाहीत, एकच आहे. स्टॉलचं भाडं आपण चार दिवसांचं भरतो, पण ते वसूल होतं ते संध्याकाळच्या मोजक्या तासांत. त्या तासांत आपल्या तव्यावरून किती ताटल्या बाहेर पडतात, यावर सगळं ठरतं. मेन्यू, रांग आणि गल्ला हे तिन्ही विषय त्याच प्रश्नाची अंगं आहेत.

हे आकड्यांनिशी पाहू. ठाण्यातल्या एका गृहउद्योजिकेने गुरुवार ते रविवार अशा चार दिवसांच्या प्रदर्शनात थालीपिठाचा स्टॉल घेतला, असं धरू. वेळ सकाळी ११ ते रात्री साडेनऊ. दहा बाय दहा फुटांच्या स्टॉलचं भाडं ३०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ३५,४०० होतात. तीन मदतनीस, प्रत्येकी रोज ८०० रुपये, म्हणजे चार दिवसांचे ९,६००. टेम्पोचे जाऊन-येऊन ४,०००. बॅनर, दरपत्रक आणि किरकोळ सामान १,५००. एक थालीपीठ विकण्याआधीच ५०,५०० रुपये खर्च झाले. हे सगळे दर मी उदाहरणासाठी घेतले आहेत. गाव, मैदान आणि आयोजक बदलला की ते बदलतील, हिशेबाची रीत बदलणार नाही.

आता ताटलीचा हिशेब. एक मोठं थालीपीठ, वर लोण्याचा गोळा, बाजूला दही आणि ठेचा, किंमत १०० रुपये. भाजणी साधारण ८० ग्रॅम लागते. १६० रुपये किलोने तिचे तेरा रुपये. कांदा-कोथिंबीर तीन, तेल तीन, लोणी-दही नऊ, ठेचा दोन, ताटली-चमचा-कागद पाच, गॅस तीन. एकूण ३८. म्हणजे प्रत्येक ताटलीमागे ६२ रुपये सुटतात. ५०,५०० ला ६२ ने भागलं की ८१५ येतात. आठशे पंधराव्या ताटलीपर्यंत जे मिळतं ते आयोजकाचं, टेम्पोवाल्याचं आणि मदतनिसांचं. स्वतःचं त्यापुढे सुरू होतं.

रोजच्या २०४ ताटल्या म्हणजे तासाला वीसही नाहीत, असं वाटून हायसं वाटतं. पण गर्दी अशी सारखी वाटून येत नाही. गुरुवारी आणि शुक्रवारी दुपारी मैदानात स्टॉलवालेच एकमेकांकडचा चहा पीत असतात. खरी गर्दी कामाच्या दिवशी साडेसहा ते नऊ, आणि शनिवारी-रविवारी दुपारी साडेबारा ते अडीच व संध्याकाळी सहा ते साडेनऊ. चार दिवसांत मिळून हे १६ तास होतात. उरलेल्या २६ तासांत तासाला आठ ताटल्या धरल्या तरी दोनशेच्या आसपास जातील. बाकीच्या सहाशेहून अधिक ताटल्या या १६ तासांत जायला हव्यात. म्हणजे तासाला ३८, आणि हे फक्त तोंडमिळवणीसाठी. भाड्याचे ३५,४०० रुपये या १६ तासांवर पसरले की तासाचं भाडं २,२०० रुपयांच्या वर जातं. जागा ठरवताना हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा.

म्हणूनच आयोजकाला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. “किती लोक येतील?” याला काहीही उत्तर मिळू शकतं, आणि लाखभर माणसं प्रवेशद्वारातून आली तरी ती आपल्यापर्यंत पोहोचतीलच असं नाही. त्यापेक्षा खाण्याचे स्टॉल एकूण किती, आणि आपलाच पदार्थ करणारे त्यात किती, हे विचारावं. थालीपीठ तिघांना दिलं असेल तर आपली संध्याकाळ तीन वाटण्यांत गेली. खाण्याचा विभाग आत येतानाच्या वाटेवर आहे की बाहेर पडतानाच्या, बसायला टेबलं कुठे आहेत, शेजारी मोठा आवाज करणारं व्यासपीठ आहे का, हे नकाशा समोर ठेवून विचारावं. शक्य असेल तर आदल्या वर्षी त्याच प्रदर्शनात शनिवारी रात्री आठ वाजता जाऊन उभं राहावं आणि आपल्यासारख्या एका स्टॉलवरून पाव तासात किती ताटल्या गेल्या ते मोजावं. या पाव तासाने जे कळतं ते कुठल्याही माहितीपत्रकातून कळत नाही. त्या स्टॉलवाल्यांशी बोलावं. दुपारच्या रिकाम्या वेळी माणसं मोकळेपणी सांगतात.

भाड्याच्या करारात दोन गोष्टी मी आवर्जून वाचायला सांगेन. पहिली वीज. ठरलेल्या भाड्यात पुष्कळदा एक पाच ॲम्पिअरचा प्लग असतो. त्यावर जेमतेम अकराशे वॉट चालतात. दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी त्याला लावली की बटण पडतं, आणि शेजारच्या दोन स्टॉलांचे दिवेही सोबत जातात. बंदिस्त हॉलमध्ये आगीच्या भीतीने गॅसला मनाई असते, तेव्हा थालीपिठाचा सगळा बेतच विजेवर येतो. मग जास्तीचा वीजभार आधीच लेखी मागावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. मोकळ्या मैदानात गॅस चालतो, पण तिथे १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडरच हवं. घरचं सिलिंडर धंद्याला वापरणं नियमबाह्य आहे आणि तपासणीत ते उचलून नेलं तर ऐन संध्याकाळी तवा थंड पडतो. अग्निशामक नळकांडं आणि अन्न नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक या गोष्टीही आयोजक आधीच मागतात; नोंदणीचा अर्ज ऑनलाइन होतो, तो हंगामाआधीच करून ठेवावा.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवस बुडाला तर काय. डिसेंबरातही अवकाळी पाऊस येतो. वरच्या उदाहरणात एक शनिवार बुडाला तर साडेपाच महत्त्वाचे तास जातात, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. भाड्याचा काही भाग परत मिळणार का, हे करारात एका ओळीत तरी असावं. काही महोत्सवांत ठरीव भाड्याऐवजी विक्रीतला टक्का घेतात. तिथे गिऱ्हाईक आयोजकाकडून कूपन किंवा कार्ड घेतं आणि आपले पैसे नंतर हिशेब करून मिळतात. नवख्या माणसाला मी हा प्रकार सुचवेन, कारण पाऊस पडला तर नुकसान दोघांत वाटलं जातं. मात्र पैसे किती दिवसांनी मिळणार आणि न वापरलेल्या कूपनांचं काय, हे आधी ठरवून घ्यावं. सरकारी सरस प्रदर्शनांत बचत गटांची निवड होऊन स्टॉल मिळतात. तिथलं गणित खासगी प्रदर्शनापेक्षा निराळं, म्हणून तिथे चाललेला बेत जसाच्या तसा खासगी प्रदर्शनात उचलून नेणं धोक्याचं.

आता तव्याकडे वळू, कारण खरा निकाल तिथे लागतो.

भाजणीचं जाड थालीपीठ मंद आचेवर, भोकांत तेल सोडून, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी नीट खरपूस व्हायला पाच मिनिटं लागतात. घाई केली की वरून काळं आणि आतून पिठूळ होतं. दोन शेगड्यांवर दोन मोठे तवे, प्रत्येकावर दोन थालीपिठं, असं धरलं तर तासाला ४८ होतात. हे कागदावर. तवा पुसणं, एखादं मोडणं, लोणी संपणं, कुणी “बिनमिरचीचं द्या” म्हणणं यांत पाचवा-सहावा भाग जातो आणि हातात ४० राहतात. तोंडमिळवणीचा आकडा होता ३८. म्हणजे सोळा तास समोर अखंड रांग असूनही, अंगाला तेलाचा वास येईपर्यंत राबूनही, फायदा जवळजवळ नाही. रांग दिसते म्हणून धंदा चांगला चालला आहे असं सगळ्यांना वाटतं. खरं तर इथली रांग तवा अपुरा असल्याचं सांगत असते.

इथे बहुतेक जण उलटा उपाय करतात. पहिल्या दिवशी विक्री कमी झाली की दुसऱ्या दिवशी साबुदाणा वडा आणतात, तिसऱ्या दिवशी मिसळ. वाटतं की पदार्थ वाढले म्हणजे गिऱ्हाइकं वाढतील. गर्दीच्या तासात मात्र गिऱ्हाइकं कमी नसतातच, कमी असतात शेगड्या. वड्याच्या कढईने एक शेगडी घेतली की थालीपीठ तासाला वीसवर येतं. शिवाय चौघांचं कुटुंब आलं आणि चार वेगवेगळे पदार्थ मागितले, तर चौघेही सर्वांत उशिरा होणाऱ्या पदार्थासाठी थांबतात. तीन ओळींचं दरपत्रक वाचायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट बारा ओळींचं वाचायला लागतो. तो वेळ गिऱ्हाईक आपल्या खिडकीसमोर उभं राहून घेतं, आणि त्याच्यामागे दहा जण खोळंबतात.

मेन्यू छोटा ठेवायचा तो पदार्थांची संख्या मोजून नव्हे, प्रत्येक पदार्थ तव्याची किती मिनिटं खातो हे पाहून. थालीपिठासोबत जे ठेवायचं त्याने तव्याला हात लावता कामा नये. सोलकढी त्यासाठी उत्तम. घरून अर्क काढून आणायचा, बर्फाच्या पेटीत ठेवायचा, पेल्यात ओतून द्यायचा. मोठा पेला ५० रुपये, खर्च १८, सुटतात ३२. तिसरी गोष्ट म्हणजे भाजणीचंच अर्धा किलोचं पाकीट. त्यावर नाव, वजन, घटक, तारीख आणि नोंदणी क्रमांक छापलेला हवा, पण विकायला दहा सेकंद पुरतात आणि उरलं तर फुकट जात नाही. थालीपीठ या कामासाठी मला योग्य वाटतं त्याचं मोठं कारण हेच आहे. हजार ताटल्यांसाठी ८० किलो भाजणी नेली आणि ३० किलो उरली तर ती कोरडी परत येते. इडली-डोशाचं पीठ किंवा वाटलेली ओली चटणी रात्री टाकूनच द्यावी लागते. ओल्या खोबऱ्याच्या चटणीऐवजी ठेचा किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी द्यावी, तीही याच कारणासाठी. दही मात्र पाच अंशांच्या खाली राहील अशी पेटी हवीच; दुपारच्या मांडवात उघडं राहिलेलं दही संध्याकाळी कुणाला देऊ नये.

मग तव्याचं काय? भांडी भाड्याने देणाऱ्याकडे डोशाचा मोठा चौकोनी तवा मिळतो. चार दिवसांचे दोन हजार रुपये धरू. त्यावर एका वेळी आठ थालीपिठं बसतात. आच कडेला कमी लागते, म्हणून पाचाऐवजी सहा मिनिटं. तरी तासाला ८० होतात, आणि मोडतोड वजा जाता ६५. पण नुसता तवा मोठा करून भागत नाही. आठ थालीपिठं तव्यावर असतील तर पुढची आठ थापून तयार हवीत. एक बाई फक्त थापते, ओल्या फडक्यावर किंवा जाड प्लास्टिकच्या तुकड्यावर, आणि दुसरी फक्त भाजते. तिसरी व्यक्ती लोणी-दही-ठेचा घालून ताटली पुढे करते. चौथी गल्ल्यावर. भाजणारीने ताटली लावायला वळायचं नाही, हा नियम कितीही साधा वाटला तरी रात्री आठ वाजता तोच मोडतो आणि कडेची दोन करपतात.

पिठाचीही एक अडचण आहे जी घरच्या स्वयंपाकात जाणवत नाही. कांदा आणि मीठ घालून पीठ मळून ठेवलं की कांद्याला पाणी सुटतं आणि तासाभरात गोळा सैल होतो. मग थालीपीठ उचलताना फाटतं, त्यात आणखी कोरडी भाजणी मिसळावी लागते आणि चव पातळ होते. म्हणून भाजणी, तिखट, हळद, तीळ, ओवा एकत्र करून चाळीस-चाळीस थालीपिठांच्या मापाच्या कोरड्या पिशव्या घरूनच बांधून आणाव्या. कांदा वेगळा चिरून ठेवावा आणि एक पिशवी संपत आली की दुसरी मळावी. याचा आणखी एक फायदा होतो: किती पिशव्या फुटल्या ते मोजलं की किती ताटल्या गेल्या असाव्यात ते कळतं, आणि गल्ल्याशी ताडून पाहता येतं.

रांगेचा वेग म्हणजे सगळ्यांनी घाई करणं नव्हे. कुठलीही साखळी तिच्यातल्या सर्वांत संथ जागेच्या वेगानेच चालते, आणि ती जागा कोणती हे उभ्या उभ्या ओळखता येतं. पैसे भरलेली माणसं टोकन घेऊन ताटकळत असतील तर अडलं आहे तव्यावर. भाजणारी रिकाम्या हाताने उभी आहे आणि गल्ल्यापुढे रांग आहे, तर अडलं आहे पैसे घेण्यात. पहिल्या स्थितीत दुसरा क्यूआर कोड लावून काही होणार नाही. टोकन घेतलेल्यांची गर्दी फक्त वाढेल. दुसऱ्या स्थितीत मोठा तवा आणूनही उपयोग नाही.

मिसळीचा स्टॉल पाहिला की हे स्पष्ट होतं. उसळ आणि कट तयार, फरसाण डब्यात, पाव बाजूला. एक ताटली वीस सेकंदांत लागते, म्हणजे तासाला १८०. पण गल्ल्यावर एका गिऱ्हाइकाला ठरवायला, मोबाइल काढायला, ॲप उघडायला आणि पैसे आल्याची खात्री व्हायला चाळीस सेकंद लागतात. तासाला नव्वद गिऱ्हाइकं, दर गिऱ्हाइकामागे पावणेदोन ताटल्या धरल्या तर दीडशेच्या आसपास. मिसळवाल्याने म्हणूनच दुसरा माणूस गल्ल्यावर बसवायला हवा, आणि थालीपीठवालीने थापायला.

दरपत्रक गल्ल्याच्या डोक्यावर, इतक्या मोठ्या अक्षरांत लावावं की रांगेत सहावा उभा असलेला माणूस ते वाचेल. पुढे येईपर्यंत त्याचं ठरलेलं असतं. पैसे घेणारी आणि ताटली देणारी जागा स्टॉलच्या दोन टोकांना ठेवावी आणि टोकनवाल्यांना बाजूला उभं करावं, म्हणजे नव्याने येणाऱ्याला समोर चार माणसांची रांग दिसते, पंधरा जणांचा घोळका नाही. लांब रांग पाहून माणूस शेजारी जातो, आणि गेलेला माणूस त्या संध्याकाळी परत येत नाही. त्याचं पोट भरलेलं असतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेळ खरी सांगणं. तासाला ६५ म्हणजे जवळपास मिनिटाला एक. गल्ल्यावरच्या व्यक्तीला शेवटचं दिलेलं टोकन आणि शेवटची गेलेली ताटली यांतला फरक माहीत असला की झालं. फरक पंधराचा असेल तर पंधरा मिनिटं. “काकू, किती वेळ?” याला “पाचच मिनिटं हं” म्हणायची आपल्याला सवय आहे. पंधरा सांगितलं तर माणूस समोरच्या स्टॉलवर खण बघून येतो आणि वेळेवर हजर होतो. पाच सांगितलं तर सहाव्या मिनिटाला तो टेबलावर बोटं वाजवू लागतो आणि भाजणारीचा हात चुकतो. फरक वीसच्या पुढे गेला की थोडा वेळ टोकन देणं थांबवावं आणि सोलकढी पुढे करावी.

वेगाला एक अपवाद मात्र मनापासून नोंदवतो. खापरावरचे मांडे. हातावर पीठ फिरवत फिरवत रुमालाएवढा मांडा करून उपड्या खापरावर टाकणारी बाई पाहायला माणसं आपणहून थांबतात. तिथे थांबणं हाच अनुभवाचा भाग असतो आणि किंमतही ते सोसते. पण त्यासाठी खापर पुढे, सगळ्यांना दिसेल असं हवं. थालीपीठ थापणारीलाही स्टॉलच्या मागच्या कोपऱ्यात न बसवता पुढे, काचेच्या आडोशामागे बसवावं. हाताने गोळा थापून मध्ये भोक पाडलेलं दिसलं की थांबणाऱ्याला ते त्याच्याचसाठी चाललं आहे हे कळतं.

आता गल्ला. त्याची सुरुवात किंमत ठरवण्यापासूनच होते. सोलकढी ३० रुपयांना ठेवली तर थालीपीठ-सोलकढीचे १३० होतात, आणि दोनशेच्या नोटेवर सत्तर परत करायला पन्नास आणि वीस शोधावे लागतात. ५० ठेवली तर दरपत्रकावरचे सगळे आकडे १००, ५०, १५० असेच राहतात. मग दहा-वीसच्या नोटांची गरजच संपते. सकाळी गल्ल्यात शंभराच्या तीस नोटा आणि पन्नासाच्या चाळीस, म्हणजे पाच हजार रुपये ठेवले की पहिल्या तासात पाचशेच्या नोटा आल्या तरी अडत नाही. पन्नासाच्या नोटा प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यातच बँकेतून आणून ठेवाव्या. शनिवारी सकाळी त्या कुठेच मिळत नाहीत.

अर्थात आता पैसे बहुतांशी मोबाइलवरूनच येतात, आणि अडचणीही तिथल्याच आहेत. ऐन गर्दीत एकाच मैदानात हजारो फोन असले की नेटवर्क गुदमरतं. गिऱ्हाइकाच्या फोनवर चक्र फिरत राहतं आणि मागे रांग वाढते. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सिमकार्डं जवळ ठेवावी आणि जागा बघायला जाताना संध्याकाळीच जावं, म्हणजे कोणतं सिम तिथे चालतं ते कळतं. पैसे आल्याचं सांगणारा छोटा स्पीकरही मोबाइल नेटवर्कवरच चालतो आणि शेजारच्या ढोलात तो ऐकू येत नाही. रक्कम दाखवणारा पडदा असलेला घ्यावा. गिऱ्हाइकाने दाखवलेला हिरवा टिकमार्क म्हणजे पैसे आले असं नाही. तसा पडदा दाखवणारी बनावट ॲप आहेत. आपल्या स्पीकरवर किंवा आपल्या फोनवर रक्कम आली तरच टोकन, हा नियम सगळ्यांना सारखाच लावला की कुणालाही अपमान वाटत नाही. रोज सकाळी आपल्याच दुसऱ्या फोनवरून एक रुपया पाठवून पाहावा, म्हणजे टेबलावरच्या कोडवर रात्री कुणी दुसरा चिकटवला असेल तर लगेच कळतं.

गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेले आणि आपल्याकडे आलेच नाहीत, असंही होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे दुकानदाराला केलेला असा व्यवहार पुरा झाला नाही तर रक्कम पाच दिवसांच्या आत गिऱ्हाइकाला आपोआप परत मिळायला हवी. हे शांतपणे सांगून रोख मागावी. वाद घालत बसलं तर मागचे चार जण जातात.

ज्या हाताने नोटा घ्यायच्या त्या हाताने थालीपिठाला स्पर्श करायचा नाही. गल्ल्यावर चार दिवस एकच व्यक्ती असावी, आणि बर्फ किंवा कोथिंबीर आणायला गल्ल्यातून पैसे काढले तर त्याची चिठ्ठी आत पडावी. पाचशेच्या नोटा दर दोन तासांनी मोजून आतल्या पिशवीत हलवाव्या. उघड्या पेटीत पंधरा हजार ठेवून कुणी गर्दीत उभं राहू नये.

रात्रीचा ताळा टोकनांवरून होतो, आठवणीवरून नाही. उदाहरणातला शनिवार घेऊ. थालीपिठाची २९० टोकनं फाटली, म्हणजे २९,०००. सोलकढीची ९६, म्हणजे ४,८००. यायला हवेत ३३,८००. मोबाइलवर आले २४,१५०. पेटीत आहेत १४,५००, त्यातले पाच हजार सकाळचेच, उरले ९,५००. एकूण ३३,६५०. दीडशे कमी. ही रक्कम एका थालीपीठ-सोलकढीच्या जोडीएवढी आहे, तेव्हा गर्दीत एका गिऱ्हाइकाची टोकनं पैसे न येताच गेली असण्याची शक्यता मोठी. तुटीचा आकडा आपल्या दरांशी जुळत नसेल, समजा २७० असेल, तर ते सुटे परत करताना झालेलं असतं किंवा चिठ्ठी न टाकता पैसे काढलेले असतात. कारण त्याच रात्री सापडतं. चार दिवस एकत्र मोजले तर काहीच सापडत नाही.

मोठ्या तव्याने गर्दीच्या प्रत्येक तासाला ६५ निघतीलच असं नाही, कारण गर्दीच्या तासातही मधेच मोकळी मिनिटं येतात. सरासरी ५२ धरू. सोळा तासांत ८३२, आणि मोकळ्या वेळेतल्या २०८ मिळून १,०४० ताटल्या. ६२ रुपयांप्रमाणे ६४,४८०. सोलकढीचे ३२० पेले, त्यांचे १०,२४०. त्यातून तव्याच्या भाड्यासह ५२,५०० वजा केले की उरतात २२,२२०. छोट्या तव्यांवर आणि त्या मानाने थोड्या कमी सोलकढीवर हाच आकडा दहा हजारांच्या आसपास थांबला असता.

या २२,२२० मध्ये तिची स्वतःची मजुरी धरलेली नाही. स्टॉलचे चार दिवस, त्याआधी भाजणी भाजून दळून पिशव्या बांधण्याचे दोन आणि नंतर भांडी घासून परत करण्याचा एक, असे सात दिवस गेले. दिवसाला तीन हजारांच्या थोडे वर पडतात. एखादा शनिवार पावसात गेला तर त्यातले जवळपास अठरा हजार नुसत्या थालीपिठांचे जातात, सोलकढीचे तीन हजार वेगळे, आणि आठवडाभराची कमाई हजार-बाराशेवर येते. पुढच्या प्रदर्शनाचा अर्ज समोर आला की हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावे, भाड्याची रक्कम गर्दीच्या तासांनी भागून पाहावी, आणि मगच आगाऊ रकमेचा चेक लिहावा.